एकच पाकीट, दोन गावं, दोन भाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये बचत गटांचा आणि घरगुती उत्पादकांचा पॅकबंद माल दुकानांपर्यंत पोहोचवण्याचं काम मी करतो. "मुंबईत लोक जास्त पैसे देतात, मग तिथे भाव वाढवू का?" आणि "मनमाड-येवल्याला एवढ्या भावात कोण घेणार?" हे दोन प्रश्न महिन्यातून चार वेळा तरी येतात. ते आणि त्यांच्या मागोमाग येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे उदाहरण एकच घेतलं आहे. पेठ तालुक्यातल्या एका गटाचे नागलीचे पापड, २०० ग्रॅमचं पाकीट, छापील किंमत ९० रुपये. मोठं शहर म्हणजे दादर, लहान गाव म्हणजे मनमाड. पापडावर जीएसटी नाही, त्यामुळे हिशोब सरळ राहतो. तुमच्या मालावर कर असेल तर तो धरून आकडे मांडा. पण राज्यात दर सगळीकडे सारखाच असतो, गावागणिक भाव बदलायला कराचं कारण चालत नाही.

१. तेच पाकीट दादरला ९० रुपयांना आणि मनमाडला ७० रुपयांना विकलं, तर कायद्यात बसतं का?

बसतं, पण पाकिटावर छापलेली किंमत दोन्हीकडे एकच हवी. एमआरपी ही वरची मर्यादा आहे. तिच्यापेक्षा कमी भावात विकायला कुणाची हरकत नाही. ९० छापलेलं पाकीट मनमाडचा दुकानदार ७० ला देत असेल, तर त्यात चुकीचं काही नाही. तेच पाकीट कुणी ९५ ला विकलं तर मात्र तो गुन्हा आहे, मग विकणारा दुकानदार असो, स्टॉकिस्ट असो की आपण स्वतः.

फरक करायचा तो छापील किमतीच्या खाली, म्हणजे दुकानदाराला पडणाऱ्या भावात. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. मग सरळ दोन लेबलं छापली तर? मुंबईसाठी ९०, गावांसाठी ७०.

हे करू नका. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये २०१७ साली दुरुस्ती झाली आणि ती १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. हुबेहूब त्याच पॅकबंद वस्तूवर अनुचित किंवा निर्बंधात्मक व्यापारी प्रथा वापरून वेगवेगळ्या एमआरपी छापायला तिने मनाई केली आहे. 'अनुचित प्रथा वापरून' या शब्दांवर वकील वाद घालू शकतात, प्रामाणिक कारण असेल तर चालेल असंही कुणी म्हणेल. पण तो वाद घालायला लागणारा वेळ आणि पैसा पापडाच्या धंद्यात नसतो. मोजमाप खात्याच्या निरीक्षकाने दोन पाकिटं शेजारी ठेवली की समजावण्याची जबाबदारी आपली.

कायदा बाजूला ठेवला तरी बाजारात हे टिकत नाही. सुरुवातीला मी स्वतः हे केलं आहे. नियमाची कल्पना नव्हती आणि दोन लेबलं म्हणजे फार व्यवस्थित काम असं वाटत होतं. दादरच्या एका बाई मूळच्या नांदगावच्या. दिवाळीला माहेरी गेल्या तेव्हा वहिनीच्या डब्यातलं पाकीट त्यांनी पाहिलं. त्यावर ७० होते, त्या दर महिन्याला ९० देत होत्या. दोन्ही पाकिटांचा शेजारी शेजारी फोटो काढून त्या दुकानात दाखवायला आल्या. दुकानदाराने त्यांना वीस रुपये परत दिले आणि आठवड्याभरात माझी १४० पाकिटं रिटर्न केली. त्याचं म्हणणं एवढंच होतं, "माझ्या गिऱ्हाइकासमोर मला चोर ठरवलंत." त्याचं बरोबर होतं. ते दुकान पुन्हा मिळायला दीड वर्ष लागलं.

३. लहान गावात माल पोहोचवायचा खर्च कमी असतो, म्हणून तिथे स्वस्त द्यायला हवा ना?

हा समज सगळ्यांचा असतो. हिशोब मांडला की चित्र वेगळं दिसतं.

एक पाकीट तयार व्हायला पिठापासून लेबलपर्यंत ३८ रुपये लागतात, बायकांची मजुरी धरून. दादरचं ९० चं पाकीट घ्या. दुकानदार छापील किमतीवर २५ टक्के ठेवतो, म्हणजे साडेबावीस. त्याला पाकीट ६७.५० ला पडतं. त्यातले ५ रुपये स्टॉकिस्टचे. आपल्या हातात ६२.५० येतात. टेम्पोचं भाडं पाकिटामागे दीड रुपया, कसारा घाट उतरताना होणारी फूटतूट धरून आणखी २. राहिले ५९. त्यातून ३८ गेले की २१ रुपये.

मनमाडला मध्ये स्टॉकिस्ट नाही, आपणच सहा दुकानांना माल देतो. दुकानदार २० टक्क्यांवर खूश असतो. पाकीट ९० नेच विकलं तर तो आपल्याला ७२ देतो. वाहतूक आणि हमाली ३ रुपये. म्हणजे ६९ वजा ३८, हातात ३१.

वाहतुकीचा आकडा पाहा. मनमाड दादरच्या निम्म्या अंतरावर आहे आणि भाडं पाकिटामागे दुप्पट पडतं. दादरला एका वेळी चारशे पाकिटं जातात, मनमाडला चाळीस. अंतरापेक्षा एका खेपेला किती माल जातो यावर खर्च ठरतो. शिवाय सहा दुकानं फिरायला महिन्यातला एक दिवस जातो. त्या दिवसाची मजुरी ५०० धरली तर चाळीस पाकिटांवर ती साडेबारा रुपये बसते. वर उधारी आहे. दादरचा स्टॉकिस्ट पंधरा दिवसांत पैसे देतो, मनमाडला चाळीस दिवस सहज जातात.

तेव्हा लहान गावात भाव कमी करण्याचं कारण स्वस्त पुरवठा हे नसतंच. कारण असतं ते गिऱ्हाइकाचं. मनमाडच्या बाईला ९० रुपयांचे पापड परवडत नाहीत असं नाही. तिच्या शेजारणीला उन्हाळ्यात पापड लाटता येतात, भाऊबंदांपैकी कुणीतरी घाटाकडून आणून देतं, आणि बाजूच्या बरणीत उडदाचा पापड स्वस्तात मिळतो. दादरच्या गिऱ्हाइकाला यातला एकही पर्याय नाही. ठिकाण पाहून भाव ठरवताना तिथे दुसरा पर्याय काय आहे हे आधी विचारायचं असतं.

४. भाव कमी केला तर खप वाढेल, पण नफा वाढेल का? किती खप वाढला की परवडतं?

आधी आकडा काढायचा, मग भाव बदलायचा. मनमाडला ९० च्या भावात सहा दुकानांत मिळून महिन्याला ४० पाकिटं जात होती. ४० गुणिले ३१, म्हणजे १,२४० रुपये.

गिऱ्हाइकाला ७० ला मिळावं म्हणून दुकानदाराला ५८ ने दिलं. त्याचे १२ सुटले, आपल्याला ५८ वजा ३ वजा ३८, म्हणजे १७ रुपये. आता १,२४० ला १७ ने भागा, ७३ येतात. म्हणजे ७३ पाकिटांपर्यंत आपण फक्त जास्त पापड लाटून तेवढेच पैसे मिळवले. त्याच्या पुढचं प्रत्येक पाकीट खरा नफा.

आमच्याकडे तीन महिन्यांनी खप ११० वर स्थिरावला. १,८७० रुपये झाले. शिवाय फिरण्याच्या दिवसाचा खर्च साडेबाराऐवजी पाकिटामागे साडेचार रुपये बसू लागला. म्हणून तिथे भाव कमी करणं बरोबर ठरलं. हाच प्रयोग येवल्यात ६५ पाकिटांवर अडकला, तेव्हा तिथे पुन्हा जुना भाव लावला. दुकानदाराला मी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की ही तीन महिन्यांची स्कीम आहे, त्यामुळे भाव परत वर नेताना वाद झाला नाही. हे आधी सांगितलं नाही तर कमी केलेला भावच कायमचा होतो.

तीन महिने का? पहिल्या महिन्यात दुकानदार स्वस्त आहे म्हणून भरून ठेवतो. तो खप नसतो, त्याच्या माळ्यावर गेलेला माल असतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याची मागणी पाहिल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका.

५. मी गावच्या दुकानदाराला ५८ ने देतो, पण तो ९० नेच विकतो. गिऱ्हाइकाला फायदा मिळतच नाही. काय करू?

ही अडचण खरी आहे आणि पूर्ण उपाय नाही. छापील किंमत ९० असेल तर ९० घेणं त्याच्या हक्कात आहे. आमच्या सहापैकी दोघं तसंच करत होते आणि एका पाकिटावर ३२ रुपये ठेवत होते. कळलं कसं? भाव कमी केल्यावर चार दुकानांची मागणी वाढली आणि या दोघांची जिथल्या तिथे राहिली. मग ओळखीच्या एका मुलीला पाकीट आणायला पाठवलं.

आम्ही काउंटरवर ठेवायला पुठ्ठ्याची छोटी पाटी केली. "नागलीचे पापड २०० ग्रॅम. छापील किंमत ९०, इथे ७०." पाटी लावली त्यालाच ५८ चा भाव, नाही लावली त्याला ७२. एकाने लावली. दुसऱ्याने नाही, तो आजही ७२ ने घेतो आणि आमचं त्याच्याशी चांगलं आहे.

पाकिटावर ७० चं स्टिकर लावायचा सल्ला तुम्हाला मिळेल. किंमत कमी करणारं स्टिकर नियमात चालतं, मूळ छापील किंमत झाकली जाता कामा नये एवढी अट आहे. पण ते फक्त मनमाडच्या मालावर लावलं की एकाच वस्तूवर दोन एमआरपी झाल्या, आणि आपण प्रश्न २ वर परत आलो. म्हणून पाटी दुकानात लावायची, पाकिटावर नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. "७० च्या खाली विकायचं नाही" अशी सक्ती दुकानदारावर करू नका. पुनर्विक्रीचा किमान भाव बांधून देणं हा स्पर्धा कायद्याखाली येणारा विषय आहे. लहान उत्पादकावर कुणी कारवाई करायला येईल असं नाही, पण त्या सवयीची गरजही नाही.

६. मनमाडला स्वस्त दिलेला माल दादरला पोहोचतो का? आणि पोहोचला तर कसं कळतं?

पोहोचतो. दोन भाव ठेवणाऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं, म्हणून हे सविस्तर लिहितो.

दादरच्या दुकानदाराला पाकीट ६७.५० ला पडत होतं, मनमाडच्या दुकानदाराला ५८ ला. मध्ये साडेनऊ रुपये. मनमाडहून पंचवटी एक्सप्रेस रोज सकाळी मुंबईला निघते आणि तिच्यात रोज जाणारे पासधारक असतात. साठ पाकिटांची पिशवी रॅकवर ठेवून न्यायला त्यांना वेगळं भाडं पडत नाही. दादरला ती ६३ ने दिली तर दुकानदाराचे साडेचार रुपये वाचतात आणि आणणाऱ्याला पाच सुटतात. साठ पाकिटांवर ३०० रुपये, जाता जाता. असा माल फिरणारच, त्यासाठी कुणी वाईट माणूस असायला लागत नाही.

आम्हाला ते तीन गोष्टींवरून कळलं. मनमाडच्या एका दुकानाची मागणी महिन्याला अठरा-वीस पाकिटांची होती, ती एकदम १२० वर गेली. दुसरं, त्याने उधारी न मागता रोख पैसे दिले, जे त्याने आधी कधी केलं नव्हतं. तिसरं दादरकडून आलं. स्टॉकिस्ट म्हणाला की दोन दुकानांनी महिनाभर ऑर्डर दिली नाही, पण पाकिटं रॅकवर दिसतात. तिथे जाऊन पाकीट उलटं करून बॅच नंबर पाहिला. अन्नपदार्थाच्या लेबलवर बॅच नंबर द्यावाच लागतो. आम्ही मनमाडच्या मालाला 'म' आणि दादरच्या मालाला 'द' ने सुरू होणारा नंबर देतो. दादरच्या रॅकवर 'म' होता.

भांडण केलं नाही, कारण त्या दुकानदाराने बेकायदा काही केलं नव्हतं. माल त्याचा, त्याने कुणालाही विकावा. चूक आमच्या भावात होती. दोन बदल केले. पहिला, स्वस्त भाव दुकानामागे महिन्याला ३० पाकिटांपर्यंतच, त्यापुढे ६८. दुसरा, मनमाडचा भावच ५८ वरून ६२ केला आणि पाटीवर ७० च्या जागी ७५ लिहिलं.

आता मधला फरक साडेपाच रुपये. दादरचा दुकानदार बिलाशिवाय आलेला माल घ्यायला निदान चार रुपयांची बचत मागतो. उरलेल्या दीड रुपयासाठी पिशवी कुणी वाहत नाही. खप ११० वरून ९० वर आला, पण पाकिटामागे ६२ वजा ३ वजा ३८, म्हणजे २१ रुपये सुटू लागले. महिन्याचे १,८९०. कमी पापड, तेवढेच पैसे, आणि दादरचा स्टॉकिस्ट शांत. दादरलाही पाकिटामागे २१ च मिळतात. गिऱ्हाइकाच्या भावात पंधरा रुपयांचं अंतर आहे आणि आपल्या पदरात दोन्हीकडे सारखंच पडतं. हे मुद्दाम जुळवलं नव्हतं, पण कुणी विचारलं तर हा हिशोब मी कुठेही उघडून दाखवू शकतो.

तुमच्या मालासाठी अंदाज असा काढा. स्वस्त गावातून महाग गावात एक पिशवी न्यायला किती लागतं आणि समोरचा दुकानदार किती बचतीवर तयार होईल, या दोन्हींची बेरीज करा. पडत्या भावातला फरक त्या बेरजेच्या आत ठेवा. पाकिटाचं वजन जास्त आणि किंमत कमी असेल, उदाहरणार्थ पाच किलोचं पीठ, तर जास्त फरक चालतो, कारण ते वाहून न्यायला महाग पडतं. केशर, वेलदोडा यांसारख्या खिशात मावणाऱ्या मालावर दोन भाव टिकतच नाहीत.

७. भाव तोच ठेवून गावासाठी लहान पाकीट काढलं तर?

काढता येतं. वेगळ्या वजनाचं पाकीट ही वेगळी वस्तू, तिची एमआरपी वेगळी असणं साहजिक आहे. दोन गोष्टी बघा.

पाकिटावर एकक विक्री किंमतही छापावी लागते, म्हणजे एक किलोच्या आतल्या मालावर एका ग्रॅमचा भाव. २०० ग्रॅम ९० ला म्हणजे ग्रॅमला ४५ पैसे. १०० ग्रॅमचं पाकीट ४० ला काढलंत तर ४० पैसे. ते दादरला लगेच पोहोचतं, कारण दोन लहान पाकिटं मिळून ८० लाच होतात. म्हणून बहुतेक जण लहान पाकीट ४८ ला काढतात, ग्रॅमला ४८ पैसे. धंद्याच्या दृष्टीने ते सुरक्षित आहे, आणि पाकिटाचा-लेबलचा खर्च निम्म्या मालावर पडतो हेही खरं. पण मग मनमाडची बाई ग्रॅममागे दादरपेक्षा जास्त देते. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्याच्या हे नेमकं उलट आहे. मी गटांना याऐवजी अर्धा किलोचं साध्या पिशवीतलं पाकीट सुचवतो, १९० रुपयांना. ग्रॅमला ३८ पैसे, लग्नकार्याला आणि एकत्र कुटुंबाला सोयीचं. दादरच्या जागेची चणचण असलेल्या स्वयंपाकघरात ते फारसं जात नाही, त्यामुळे तिकडे फिरत नाही.

दिसायला तेवढंच पाकीट ठेवून आतलं वजन गुपचूप २०० चं १८० करण्याबद्दलही विचारतात. वजन खरं छापलं असेल तर ते माप कमी दिल्यासारखं नाही. पण जुन्या गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं आणि त्याला तसं वाटणं बरोबरच आहे. बदलायचं असेल तर वजन मोठ्या अक्षरात लिहा.

८. आठवडे बाजारात सुटे पापड विकतो. तिथे ही एमआरपीची भानगड आहे का?

गिऱ्हाइकासमोर वजन करून दिलेल्या सुट्या मालाला एमआरपी नसते. सकाळी एक भाव, संध्याकाळी दुसरा, पेठला वेगळा आणि नाशिकला वेगळा, सगळं चालतं. काटा मात्र पडताळणी करून शिक्का मारलेला हवा.

घोळ इथे होतो. बरेच जण वेळ वाचवायला घरूनच पाव-पाव किलोच्या पिशव्या वजन करून, गाठ मारून आणतात. गिऱ्हाईक समोर नसताना वजन करून बंद केलेली पिशवी पॅकबंद वस्तू ठरते. तिच्यावर नाव-पत्ता, वजन, तारीख, एमआरपी सगळं हवं, आणि मग प्रश्न १ आणि २ लागू होतात.

९. नाशिक यात मोठं शहर धरायचं की लहान गाव?

दोन्ही नाही, आणि एकच नाशिक धरू नका. कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या दुकानात गिऱ्हाईक दादरसारखं वागतं, पाकीट उलटून घटक वाचतं आणि ९० देतं. रविवार कारंजा-भद्रकालीच्या होलसेल बाजारात तेच पाकीट तीन दुकानांत विचारून घेतलं जातं. पण या दोन ठिकाणांत मोजकेच किलोमीटर आहेत. प्रश्न ६ च्या बेरजेतला पिशवी नेण्याचा खर्च शून्याच्या आसपास येतो. म्हणून एका शहरात पडता भाव एकच ठेवा. फरक द्यायचा असेल तर तो रोख किंवा जास्त मालावर, सगळ्यांना सारख्या अटीवर.

१०. व्हॉट्सॲपवर आणि वेबसाइटवर पिनकोड पाहून भाव दाखवू का?

नको. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विकणाऱ्याला एकाच वर्गातल्या ग्राहकांत भेदभाव करता येत नाही. त्याच पाकिटाला पिनकोडवरून जास्त पैसे लावायचं समर्थन करणं कठीण जातं. मालाचा भाव एक ठेवा आणि पोहोचवण्याचा खर्च वेगळा, पैसे घेण्याआधी दिसेल असा दाखवा. तो ठिकाणानुसार खरंच वेगळा असतो आणि लोकांना तो पटतो.

ऑनलाइन भाव ठरवताना दादरच्या दुकानातला भाव डोक्यात ठेवा. वेबसाइटवर ७५ लिहिलंत तर दादरचा दुकानदार तो स्क्रीनशॉट स्टॉकिस्टला पाठवतो. आम्ही ऑनलाइन ९० च ठेवतो आणि तीन पाकिटांवर पोस्टेज घेत नाही.

११. गडावर, स्टेशनवर, त्र्यंबकला दुकानदार "वर आणायचा खर्च" म्हणून छापील किमतीपेक्षा दहा रुपये जास्त घेतात. तसं आपणही करू शकतो का?

नाही. वाहतूक, थंड करण्याचा खर्च, जागेचं भाडं, यातलं कुठलंच कारण एमआरपीच्या वर जायला चालत नाही. दुकानात उभं राहून घेतलेल्या बंद पाकिटाला छापील किंमत हीच कमाल. ग्राहक १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करू शकतो.

सप्तशृंगी गडावर माल न्यायला खर्च येतो हे खरं आहे. तो दुकानदाराच्या टक्केवारीतून निघायला हवा, म्हणून तिथल्या दुकानदाराला पडता भाव थोडा कमी द्या. सिंहस्थासाठी भाव वाढवायचा विचार असेल, तर त्या वेळच्या मालावर नवी एमआरपी आधीच छापा आणि ती सगळीकडे एकच ठेवा. जुन्या छापील मालावर वरचं स्टिकर लावता येत नाही, स्टिकर फक्त किंमत उतरवण्यासाठी आहे.

१२. मग हॉटेलवाला आमचं २० रुपयांचं पाकीट ६० ला कसं देतो?

१२ डिसेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हॉटेलात बसून घेतलेली वस्तू ही नुसती विक्री नसते, त्यात जागा, वाढणं आणि सेवा येते, त्यामुळे तिथे एमआरपीपेक्षा जास्त आकारता येतं. ही मुभा हॉटेल-रेस्टॉरंटची आहे. त्याच हॉटेलच्या बाहेरच्या काउंटरवरून बंद पाकीट हातात दिलं तर ती सेवा राहत नाही, असं मी धरतो.

हॉटेलला माल देताना एमआरपीचा विचार सोडा आणि किलोवर भाव ठरवा. साध्या पिशवीत दिला की लेबल-पाकिटाचे चार-पाच रुपये वाचतात, तेवढे त्याला सोडता येतात. पण हा माल दुकानात विकायचा नाही हे बिलावर लिहा.

१३. दादरच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "मनमाडला हेच ७५ ला मिळतं, मला ९० ला का?" तर काय उत्तर द्यायचं?

खरं उत्तर द्या. मी सांगतो की तुमच्या ९० मधले साडेबावीस रुपये दुकानदाराचे आहेत, पाच स्टॉकिस्टचे, साडेतीन टेम्पो आणि फुटलेल्या पापडांचे. मनमाडला स्टॉकिस्ट नाही, दुकानाचं भाडं कमी म्हणून दुकानदार तेरा रुपयांत भागवतो, आणि पापड करणाऱ्या बायकांना दोन्हीकडून सारखेच मिळतात. बहुतेकांना पटतं. एका आजोबांना नाही पटलं. ते म्हणाले, "मग मी मनमाडहूनच मागवीन." त्यांचा भाचा तिथे रेल्वेत आहे. तेव्हापासून दर महिन्याला त्यांची चार पाकिटं तिकडून येतात, आणि त्या चार पाकिटांसाठी मी काहीही बदललेलं नाही.